भागिले तीनशे साठ

पूल ओलांडला तेव्हा जाऊबाई पुढे आणि मी मागे, असं आमचं चाललं होतं. निघताना आम्ही बरोबर होतो. पण रागात त्यांच्या पायांना चाकं फुटतात, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. बाजारातून दोघी निघालो आणि त्या एकट्याच घरी पोचल्या, तर आमचे हे विचारतात, "आज कुणाशी वाजलं?"

"जाऊबाई, जरा हळू," मी म्हटलं. "माझी चप्पल लागतेय."

"मग हातात घे."

"रस्त्यावर काचा आहेत."

त्या थांबल्या. वळल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. मी जवळ पोचले तशा पुन्हा चालू लागल्या. रविवारच्या दुपारी त्या रस्त्याला माणूस नव्हतं. दुकानांची शटरं खाली होती. लाकडाच्या वखारीत एक कुत्रं भुशाच्या ढिगावर झोपलं होतं. पुलाच्या अलीकडे बस मिळत होती, पण जाऊबाई म्हणाल्या होत्या, "बसमध्ये बसले तर मी कंडक्टरशी भांडेन. त्या बिचाऱ्याचा काय दोष?" म्हणून आम्ही गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पायी निघालो होतो. एका शिंपिणीच्या घरी. तिची मुलगी माझ्या वर्गात आहे, तिसरीत. सकाळच्या पालकसभेनंतर त्या बाईनं मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला होता, आणि उद्या शाळा उघडली की जाऊबाईंना तो तयार करून द्यावा लागणार होता.

"अर्धी," जाऊबाई म्हणाल्या. माझ्याशी नाही, रस्त्याशी. "अर्धी म्हणे मी. या तोंडानं."

आमच्या शाळेत फी भरायची एक खिडकी आहे. हाताचा तळवा जेमतेम आत जाईल एवढी फट, वर गोल भोक असलेली काच, आणि काचेमागे जाऊबाई. मुलं त्यांना खिडकीबाई म्हणतात. मोठी माणसंही मागून तेच म्हणतात, समोर कुणाची टाप नाही. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा त्या त्या खिडकीत होत्याच. मला शाळेत नोकरी लागली तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं, "घरात मी तुझी जाऊ. इथे मी तुझी कुणी नाही. पगार उशिरा झाला तर सगळ्यांसारखी रांगेत येऊन विचार." मी रांगेत उभी राहून विचारलेलंही आहे. त्यांनी सगळ्यांसारखंच मलाही खेकसून परत पाठवलेलं आहे.

त्यांचा राग बघायला सोपा आणि समजायला अवघड. फी उशिरा आणणाऱ्या बापाला त्या पाच माणसांदेखत झाडतात. "गाडीला नवे टायर घातले वाटतं? दिसले मला फाटकातून." आणि एखादी बाई पदरचे सुटे पैसे घेऊन अर्धाच हप्ता भरायला आली, तर तिच्यावरही ओरडतात, "एवढे सगळे आणलेत, घरी परत जायला काही ठेवलंत का?" दोन्ही ओरडण्यांचा आवाज एकच. त्यामुळे पुष्कळांना त्यांच्यातला फरक कधी कळलाच नाही. मला कळायलाही बरीच वर्षं गेली. मी रोज सकाळी देवासमोर दिवा लावताना घरातल्या सगळ्यांचं नाव घेते, त्यांच्या नावापाशी मात्र जरा थांबते. म्हणते, देवा, यांच्या जिभेला सांभाळ, मनाची काळजी नाही.

आता फीचं सांगते, कारण सगळं त्यातूनच झालं.

आमच्या शाळेला सरकारी पैसा नाही. जो खर्च होतो तो फीतून भागवायचा. तेव्हा सरळ रीत अशी, की येत्या वर्षाचा खर्च आधी मांडायचा, फीशिवाय जे पैसे येणार ते त्यातून वजा करायचे, आणि उरलेल्याला फी भरणाऱ्या मुलांनी भागायचं. येईल ती फी. पण आमच्या कार्यकारिणीची रीत उलटी. आधी कळस, मग पाया. अध्यक्षांचं औषधांचं दुकान आहे. ते दर वर्षी गल्ल्यावर बसल्या बसल्या दोन-चार गिऱ्हाइकांना विचारतात, "यंदा किती वाढवली तर चालेल?" आणि जो आकडा लोकांच्या घशाखाली उतरेलसं वाटतं तो घेऊन येतात. मग जाऊबाईंना म्हणतात, "या आकड्यात बसवा."

मागच्या वर्षी तो आकडा साडेपंधरा हजार होता. फीतून भागवायचा खर्च बासष्ट लाख, हजेरीपटावर मुलं चारशे. बासष्ट लाख भागिले चारशे, बरोबर साडेपंधरा. अध्यक्ष खूश. जाऊबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "पटावर चारशे आहेत, पण पूर्ण फी भरणारी चारशे नाहीत. वीस मुलं आपल्याच नोकरांची, ती फुकट शिकतात. चाळीस मुलं अर्धी फी भरतात. चारशेनं भागलंत तर सहा लाख वीस हजारांचं भोक पडेल." अध्यक्ष म्हणाले, "बघू, पुढचं पुढे." पुढचं पुढे आलंच. छताची दुरुस्ती रद्द झाली आणि पावसाळाभर माझ्या वर्गात दोन बादल्या ठेवून मी पाढे घेतले. वर्षाच्या शेवटच्या महिन्याचा पगार सगळ्यांना दीड महिना उशिरा मिळाला. लोकांच्या शिव्या कुणी खाल्ल्या? खिडकीनं. अध्यक्ष काही खिडकीत बसत नाहीत.

म्हणून यंदा जाऊबाईंनी कार्यकारिणीला निक्षून सांगितलं, "खर्च मी मांडणार, भागाकार मी करणार. नाहीतर तुमचा आकडा तुम्हीच सभेत उभं राहून सांगा." उभं राहायचं म्हटल्यावर सगळ्यांच्या खुर्च्यांना डिंक लागला. अध्यक्ष म्हणाले, "तुम्हीच सांगा हो, तुम्हाला जमतं."

महिनाभर त्या घरी आल्या की बोलत नसत. वरच्या मजल्यावरून नुसता कॅल्क्युलेटरचा टकटक आवाज. आम्ही खाली राहतो, त्या वर. एकदा मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "मावशींना दहाच महिने पगार देतात आपल्याकडे, माहितेय तुला? सुट्टीत काम नाही म्हणून. सुट्टीत पोट नाही का त्यांना? यंदा बारा महिने धरलेत मी. पाच मावश्या, महिना आठ हजार. बघते कोण काढतं ते." कुणी काढलं नाही. बहुतेक कुणी वाचलंच नव्हतं.

सकाळची सभा शाळेच्या सभागृहात होती. सभागृह म्हणजे दोन वर्गांमधला लाकडी पडदा सरकवला की होणारी जागा. पालक मुलांच्या बाकांवर बसले होते, गुडघे छातीशी. समोर कार्यकारिणीला खुर्च्या आणि पाण्याच्या बाटल्या. जाऊबाईंनी फळा स्वतः पुसला होता, ओल्या फडक्यानं, कोपऱ्यांसकट.

त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा आवाज शांत होता. तेव्हाच मला धास्ती वाटली. शांत असल्या की त्यांनी राग दाबलेला असतो.

"शिक्षक आणि कार्यालयाचे पगार अठ्ठेचाळीस लाख," त्या लिहीत गेल्या. "मावश्यांचे चार लाख ऐंशी हजार. वीज, पाणी, कर, फोन पाच लाख चाळीस. छप्पर आणि बाकी दुरुस्ती चार लाख. कागद, परीक्षा, प्रयोगशाळा, वाचनालय तीन लाख साठ. विमा आणि हिशेब तपासनीस एक लाख वीस. अडीअडचणीला राखीव एक लाख चाळीस. बेरीज अडुसष्ट लाख चाळीस हजार. सभागृहाचं भाडं आणि बँकेचं व्याज मिळून तीन लाख साठ येतील, ते वजा. राहिले चौसष्ट लाख ऐंशी हजार. भागिले तीनशे साठ. फी अठरा हजार."

सभागृहात गलका झाला. साडेपंधराचे अठरा म्हणजे अडीच हजारांची वाढ. तो गलका अपेक्षित होता. जाऊबाई खडू हातात धरून तो संपायची वाट बघत होत्या. पण तेवढ्यात मागच्या बाकावरून टाइल्सवाले उठले. त्यांचं बाथरूमच्या टाइल्सचं दुकान आहे, मुलगा आठवीत आहे, आणि आवाज असा की माईक लागत नाही.

"एक मिनिट. शाळेच्या वार्षिक अंकात छापलंय, मुलं चारशे. मग भागिले तीनशे साठ का? चाळीस मुलं कुठे गेली? की चाळीस मुलांची फी कुणाच्या खिशात गेली?"

आता हे नीट सांगते, कारण इथेच गोष्ट घसरली. जाऊबाईंनी फळ्यावर तीनशे साठ असा आयता आकडा लिहिला होता, तो मुद्दाम. सवलतीतली मुलं किती, कोण, ते चारचौघांत यायला नको म्हणून. झाकपाक केली ती अब्रू राखायला, आणि दिसली चोरीसारखी. कुणालाही तेच दिसलं असतं. मलाही दिसलं असतं.

अध्यक्षांनी सांगायला हवं होतं. अध्यक्ष पाणी पिऊ लागले. बराच वेळ पीत राहिले.

"बोला ना," टाइल्सवाले म्हणाले. "दुकानदार आहे मी. गिऱ्हाइकाला चारशे टाइल्स दाखवून तीनशे साठ दिल्या तर लोक दुकान फोडतील."

लोक हसले. जाऊबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला तिसऱ्या बाकावरून दिसल्या.

"खिशात कुणाच्या काही गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "वीस मुलं शाळेतल्या नोकरांची आहेत. त्यांना फी नाही, तो त्यांच्या पगाराचाच भाग आहे. आणि चाळीस मुलं अर्धी फी भरतात."

"वीस फुकट," टाइल्सवाले बोटांवर मोजत म्हणाले. "त्यात तुमच्या घरातलंही एक आहे ना? पुतण्या? आपला तो बाळ्या आणि आमचं ते कार्टं."

ते खरं होतं. माझा मुलगा त्या विसांतला एक. माझ्याकडे पाचपन्नास माना वळल्या. मी बाकाच्या फळीवर कुणीतरी कोरलेलं बदक बघत बसले आणि मनात देवाचं नाव घेत राहिले.

"आहे," जाऊबाई म्हणाल्या. "शिक्षिकेचा मुलगा आहे तो. माझा कुणी नसता तरी त्याला फी नव्हती."

"बरं. वीस गेली. तरी तीनशे ऐंशी राहतात. अजून वीस कुठायत?"

"अर्धी भरणारी चाळीस आहेत ना," जाऊबाईंचा आवाज चढला. पाठ फिरवून त्यांनी फळ्यावर खडू असा आपटला की तो तुटला. "मघाशी काय सांगितलं? अर्ध्या फीची दोन मुलं म्हणजे हिशेबाला एक. चाळीस अर्धी म्हणजे वीस. सरळ आहे. अर्धं अधिक अर्धं बरोबर एक. आठवीतल्या तुमच्या मुलाला विचारा."

हिशेब म्हणून ते चोख होतं. त्यांच्या धंद्यात असंच मोजतात. पूर्ण फीच्या किती रकमा हातात येणार, ते. पण खिडकीच्या आत बसून बसून त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं, की बाहेर माणसं आकड्यांना माणसं समजतात. दुसऱ्या ओळीत, भिंतीकडेला, ती शिंपीण बसली होती. दंडाला मोजपट्टी तशीच गुंडाळलेली, कामावरून उठून आलेली. 'अर्धी' म्हटल्यावर ती हलली नाही. फक्त दंडावरची मोजपट्टी सोडवून तिची घडी घालू लागली, अगदी बारीक.

मग जे व्हायचं तेच झालं. एकानं विचारलं, "म्हणजे त्या चाळिसांची अर्धी फी आम्ही भरतो?" दुसरा म्हणाला, "दानधर्म करायचा तर आम्हाला विचारून करा." टाइल्सवाल्यांनी मोबाइलवर हिशेब केला आणि हात वर केला. "सवलती बंद करा, सगळ्यांकडून सारखी घ्या, भागिले चारशे. सोळा हजार दोनशे येतात. विषय संपला." टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या.

आणि अध्यक्षांनी आता पाणी संपवलं. उठून म्हणाले, "पालकांच्या भावनांचा आदर ठेवून सवलतींचा फेरविचार करता येईल."

फेरविचार. शेळी मारायची आणि खाटीक आपण नाही म्हणायचं, त्याला हा शब्द.

जाऊबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मी बाकाची कड धरली.  पण त्यांनी फक्त खाली पडलेला खडूचा तुकडा उचलला.

"करू या फेरविचार," त्या म्हणाल्या. "आत्ताच. फळा आहे, खडू आहे. सवलत बंद. ती चाळीस मुलं आता पूर्ण अठरा हजार भरतील असं तुम्हाला वाटतं? भरता आली असती तर अर्ज करून, घरची परिस्थिती सांगून, माझ्यासारखीच्या तोंडाला कशाला लागली असती? ती जातील. शाळेत दहा वर्ग. प्रत्येक वर्गातून चार मुलं गेली. चाळिसाच्या जागी छत्तीस. कुठला वर्ग बंद होतो, सांगा. कुठला शिक्षक कमी करू? छप्पर चार मुलांपुरतं कमी बांधू? दिवे कमी लावू?"



"थोडा कागद वाचेल. परीक्षेचा, वाचनालयाचा खर्च. मुलामागे नऊशे, चाळिसांचे छत्तीस हजार. वजा केले. राहिले चौसष्ट लाख चव्वेचाळीस हजार. आता भागायला तीनशे साठ नाहीत, तीनशे चाळीस आहेत. करा भागाकार. तुमच्याच मोबाइलवर करा."

टाइल्सवाल्यांनी केला. बराच वेळ बघत राहिले.

"मोठ्यानं सांगा," जाऊबाई म्हणाल्या.

"अठरा हजार नऊशे त्रेपन्न."

"अठराच्या ऐवजी. म्हणजे ती चाळीस मुलं अर्धी का होईना फी भरतात म्हणून तुमचे प्रत्येकाचे साडेनऊशे वाचतात. कोण कुणाचं भरतंय, ते आता तुम्हीच ठरवा."

टाइल्सवाले खाली बसले, पण माणूस हरला असं काही नव्हतं. बसता बसता म्हणाले, "आकडे काय, तुमच्या घरचेच. नाचवाल तसे नाचतील." शेजारी चारजण हसले. शेवटी फी अठरा हजारांवर मंजूर झाली, सवलत यंदापुरती राहिली, पुढच्या वर्षी बघू असं ठरलं. चहा आला. अध्यक्ष जाऊबाईंना म्हणाले, "छान सांभाळलंत." जाऊबाई म्हणाल्या, "तुमचा चहा घ्या, गार होतोय," आणि अख्खी कार्यकारिणी ऐकेल अशा आवाजात पुढे म्हणाल्या, "पुढच्या वर्षी फेरविचार शब्द तोंडातून काढलात तर खिडकीत तुम्ही बसा." आणि खाली आपल्या खोलीत निघून गेल्या.

मी त्यांच्या मागोमाग गेले. खिडकीशी ती शिंपीण उभी होती. मोजपट्टीची घडी मुठीत.

"दाखला पाहिजे," ती म्हणाली. "मुलीचा."

जाऊबाई आतून म्हणाल्या, "कशाला? मंजूर झाली ना सवलत. ऐकलं नाहीत का?"

"ऐकलं."

"मग?"

"सगळं ऐकलं. नगरपालिकेच्या शाळेत घालते. तिथे कुणी मोजत नाही." मग ती काचेच्या भोकाशी तोंड नेऊन, हळू, एकेक शब्द टाका घातल्यासारखा बोलली, "बाई, तुम्ही चांगल्याच अर्थानं बोललात, ते समजलं मला. पण माझी मुलगी अर्धी नाही. फी अर्धी आहे."

आणि गेली.  जाऊबाईंनी खिडकीची फट लावली, कुलूप घातलं, पुन्हा उघडलं, पुन्हा घातलं. मग मला म्हणाल्या, "पत्ता माहितेय तुला तिचा?"

तर आम्ही चाललो होतो.

वखार मागे पडली. पुढे बैठ्या घरांच्या ओळी लागल्या. दारांत पाण्याची पिंपं, वर वाळत घातलेले कपडे. सावली अशी कुठे नव्हतीच. जाऊबाईंची चाल जरा मंदावली, राग मात्र नाही. तो आता वाटून घ्यायला माणसं शोधत होता.

"तो टाइल्सवाला," त्या म्हणाल्या. "वर्षभर हप्ता उशिरा आणतो. एकदा तरी वेळेवर आणलाय?"

"नाही आणला."

"आणि अध्यक्ष. उंटावरून शेळ्या हाकतो. आणि तू."

"मी काय केलं?"

"बदक बघत बसलीस. तुझ्या मुलावरून बोलला तो, तोंड उघडायला काय झालं होतं?"

"मी तोंड उघडलं असतं तर म्हणाले असते, दोघी जावा मिळून शाळा चालवतात."

 जरा पुढे गेल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "मलाच कुणी एक थोबाडीत द्यायला हवी होती. महिनाभर जपलं. चाळिसांतलं कुणी ओळखू येऊ नये म्हणून बेरजा झाकल्या. आणि त्या दुकानदारानं डिवचलं तर सगळं फळ्यावर ओतलं. पुन्हा वर माझा मोठेपणा, की मुलाला विचारा म्हणे, अर्धं अधिक अर्धं."

"हिशेब बरोबर होता, जाऊबाई."

"हिशेब बरोबर होता म्हणूनच तर," त्या ओरडल्या. पिंपाशी पाणी भरणारा एक म्हातारा आमच्याकडे बघू लागला. "चुकला असता तर दुरुस्त केला असता. खोडून दुसरा लिहिला असता. हे कसं खोडायचं?"

 मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, आता तूच बघ. एवढं म्हटल्यावर मला बरं वाटतं. त्यांना बरं वाटत नाही, त्यांचा देवाशीही व्यवहार रोखीचा. दिलं की पावती हवी.

"काय सांगणार आहात तिला?" मी विचारलं.

"सांगेन की मुलगी गेली तर तिची जागा रिकामीच राहील, वर्ग तेवढाच राहील, खर्च तेवढाच राहील, म्हणजे तुझे नऊ हजार गेले की बाकीच्यांच्या डोक्यावर..." त्या मध्येच थांबल्या. "हसतेस काय?"

"हसत नाही. तुम्ही पुन्हा फळ्याशी गेलात."

 कोपऱ्यावरून वळल्यावर शिलाई मशीनचा आवाज यायला लागला. पायमशीन, सलग चालणारं, मध्येच थांबून पुन्हा धरणारं. तिसरं दार. दाराला पडदा नव्हता, जाळीचं दार होतं, आणि उंबऱ्याबाहेर लहान मुलीच्या चपला. उजवी फाटून सुईदोऱ्यानं शिवलेली. टाके इतके सारखे की मशीननं घातलेत असं वाटावं.

जाऊबाई त्या चपलांकडे बघत राहिल्या. आयुष्यभर ज्यांनी खिडकीच्या आतून माणसांना बोलावलं, "पुढचं कोण? लवकर या, वेळ नाही," त्यांना त्या दिवशी दार वाजवता येईना. हात वर गेला, जाळीपर्यंत पोचला आणि खाली आला. दोनदा.

"वाजवा ना," मी म्हटलं.

"मी आत गेले तर भांडेन," त्या म्हणाल्या. आवाज अजून रागातलाच होता, पण हळू. "मला दुसरं येत नाही. ती एक बोलेल, मी दोन बोलेन, आणि उद्या तिला दाखला द्यावा लागेल." त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट, दुखेल असं. "तू जा आत. मुलीची बाई आहेस, तुला बसायला देईल. आकडे एकही सांगू नकोस. माझी बाजूही मांडू नकोस, खबरदार. एवढंच विचार, की बाहेर एक बाई उभी आहे, तिला बोलायची रीत नाही. तिला आत घेतेस का, म्हणून विचार."